एका पानावर औद्योगिकीकरण : वऱ्हाडच्या कापसाचा मनोनकाशा

आडव्या धरलेल्या कोऱ्या पानाच्या मध्यभागी ‘औद्योगिकीकरण : वऱ्हाडचा कापूस’ असे लिहून त्याभोवती चार फांद्या काढाव्यात: मागणी, वाहतूक, कारखाने, परिणाम. प्रत्येक फांदीवर पूर्ण वाक्य न लिहिता दोन-तीन शब्द आणि एखादे सालच लिहावे.

‘मागणी’वर ‘अमेरिकी यादवी, १८६१–६५’ येते. त्या युद्धामुळे लँकेशरच्या गिरण्यांना अमेरिकी कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडी कापसाला भाव आला. ‘वाहतूक’वर ‘मुंबई–अकोला–बडनेरा–नागपूर रेल्वे, १८६७’, ‘कारखाने’वर ‘जिनिंग-प्रेसिंग’ आणि ‘एम्प्रेस मिल, नागपूर, १८७७’, तर ‘परिणाम’वर ‘नगदी पीक’ आणि ‘भावावर अवलंबून शेतकरी’ लिहावे.

त्यानंतर फांद्या बाणांनी जोडाव्यात. रेल्वेपासून प्रेसिंगकडे जाणाऱ्या बाणावर ‘गाठी कमी जागा घेतात’ हे कारण येते. ज्या बाणाचे कारण सांगता येत नाही, तो भाग पुन्हा वाचावा.

मनोनकाशात घटनांचा क्रम हरवतो. म्हणून पानाच्या तळाशी सालांची एक रेघ ओढावी. शेवटी पान झाकून नकाशा आठवणीने काढावा. सुटलेल्या फांद्या हीच उजळणीची यादी.