एक किलो पेढे आणि एप्सिलॉनचा काटा

अकरावीच्या वर्गात फळ्यावर एक ओळ पडते: x अनंताकडे जाताना 1/x ची सीमा शून्य. सगळे माना डोलावतात. छेद वाढला की अपूर्णांक लहान होतो, एवढं कुणालाही कळतं. मग शिक्षक म्हणतात, ‘आता सिद्ध करू,’ आणि पुढच्याच ओळीत लिहितात, ‘N = 1/ε घेऊ.’ हा N कुठून टपकला, ते मला त्या वर्षी कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. सिद्धता पाठ केली आणि मार्क मिळाले.

खरं तर ती समजायला एक किलो पेढे पुरतात.

समजा, देवळात एक किलो पेढे आलेत आणि ते x जणांत सारखे वाटायचेत. प्रत्येकाचा वाटा 1/x किलो. समोर किराणा दुकानातला काटा आहे आणि तो पाच ग्रॅमपेक्षा कमी वजन दाखवतच नाही. मग किती माणसं आली की एकाचा वाटा या काट्यावर दिसेनासा होईल? हजार ग्रॅम भागिले पाच, म्हणजे दोनशे. बरोबर दोनशे जण असले तर वाटा नेमका पाच ग्रॅम भरतो आणि काटा तो दाखवतो. दोनशेच्या वर एकही माणूस वाढला की वाटा पाचच्या खाली उतरतो. त्यानंतर तीनशे येवोत की तीन लाख, काटा शून्यावरच.

तुम्ही म्हणाल, हा काटाच ढोबळ आहे. मग सराफाकडचा आणू, दहा मिलीग्रॅमपर्यंत पकडणारा. आता दोनशे माणसं पुरणार नाहीत, एक लाखाच्या वर लागतील. त्याहून नाजूक, एक मिलीग्रॅमचा काटा आणला तर दहा लाखांच्या वर. काटा कितीही बारीक आणा, त्याला हरवणारी गर्दी सांगता येतेच. ‘1/x ची सीमा शून्य’ या वाक्याचा अर्थ एवढाच आहे. कुणाच्याही हातावर शून्य पेढा पडत नाही. प्रत्येकाला काहीतरी मिळतंच, आणि 1/x कधीही शून्य होत नाही.

काट्याच्या या बारीकपणालाच गणितात ε, एप्सिलॉन म्हणतात. ती कुठलीही धन संख्या असू शकते. ज्या आकड्यापुढे काटा हरतो, तो N. किराणा दुकानाच्या काट्याचा ε होता 0.005 किलो आणि N होता 200. एकाला पाच हजारांशाने भागलं की दोनशे, म्हणजेच N = 1/ε. आकाशातून पडलेला वाटणारा तो N म्हणजे आपण आत्ताच केलेला भागाकार आहे.

आता सिद्धता लिहू. कुणीतरी ε दिला, तो शून्यापेक्षा मोठा आहे. आपण N = 1/ε घेतला. मग x > N असा कुठलाही x घ्या. x हा 1/ε पेक्षा मोठा आहे आणि दोन्ही धन आहेत, म्हणून त्यांचे व्यस्त घेताना चिन्ह उलटतं आणि 1/x < ε मिळतं. 1/x स्वतःही धन आहे, म्हणून त्याचं शून्यापासूनचं अंतर, |1/x − 0|, म्हणजे 1/x च, आणि ते ε पेक्षा कमी आहे. सिद्धता संपली.

आकडे घालून बघू. ε = 0.03 दिला, तर 1/ε येतो 33.33… x = 33 ला 1/x होतो 0.0303, म्हणजे थोडक्यात चुकलं. x = 34 ला 0.0294, जमलं, आणि पुढे नेहमीच जमतं. इथे N म्हणून 34 घेतला तरी चालेल, हजार घेतला तरी चालेल. सर्वांत लहान N शोधून काढण्याची सक्ती नाही. विद्यार्थी त्या नादात उगाच घाम गाळतात.

‘दोन्ही धन आहेत’ हे मात्र गाळू नका. x = −10 घेतला तर 1/x होतो −0.1, आणि तो 0.03 पेक्षा कमीच आहे. पण −10 काही 33 पेक्षा मोठा नाही. ऋण संख्या आत शिरल्या की व्यस्त घेऊन चिन्ह उलटण्याचा नियम लटका पडतो. आपला N धन आहे आणि x त्याहून मोठा आहे, म्हणून आपण सुरक्षित आहोत.

खरी मेख क्रमात आहे. आधी काटा, मग गर्दी. कुणी आधीच छाती ठोकून सांगितलं की ‘N = 1000 घ्या, सगळ्या ε ना पुरेल,’ तर त्याच्यासमोर ε = 1/5000 ठेवा. x = 2000 हा हजाराच्या पुढे आहे, पण 1/2000 हे 1/5000 पेक्षा मोठं आहे. त्याचा N तिथेच आपटला. N हा ε पाहून ठरतो. परीक्षेच्या पेपरात ‘प्रत्येक ε साठी एक N असतो’ याऐवजी ‘एक N असतो, जो प्रत्येक ε साठी…’ असं लिहिलं, तर शब्द तेच राहतात आणि विधान खोटं होतं.

आणि एवढा काटेकोरपणा कशाला, ‘x वाढला की 1/x शून्याच्या जवळ जवळ जातो’ एवढं म्हटलं तर काय बिघडतं? बिघडतं असं की, 1/x हा −1 च्याही जवळ जवळच जात असतो. x दहा असताना त्याचं −1 पासूनचं अंतर 1.1, शंभर असताना 1.01, हजार असताना 1.001. अंतर सतत घटतंय, तरी −1 ही सीमा नाही. ε = 1/2 चा काटा लावला की पोल खुलते, कारण ते अंतर एकाच्या खाली कधी येतच नाही.

हा पेच खूप जुना आहे. 1734 साली बिशप बर्कलींनी न्यूटनच्या कलनशास्त्रातल्या ‘नाहीशा होत जाणाऱ्या’ राशींवर जाहीर टीका केली, आणि ती बिनबुडाची नव्हती. 1821 साली पॅरिसमध्ये कोशी यांनी आपल्या विश्लेषणाच्या पाठ्यपुस्तकात एका प्रमेयासाठी आधी ε घेतला आणि मग त्याला पुरेल एवढी मोठी संख्या निवडली. त्या संख्येला ते N नव्हे, h म्हणत. पुढे बर्लिनमध्ये वायरस्ट्रास यांच्या व्याख्यानांतून ही पद्धत रूढ झाली.

एक शंका उरते. N पूर्णांकच हवा असला तर? 1/ε पेक्षा मोठा पूर्णांक असतोच, याची हमी आर्किमिडीजचं नाव लागलेला संख्यांचा एक गुणधर्म देतो: कितीही मोठी संख्या घ्या, तिच्या पुढे कुठलातरी पूर्णांक असतो. हे इतकं उघड वाटतं की पुस्तकं त्यावरून भर्रकन पुढे जातात, पण सगळी इमारत उभी आहे ती याच विटेवर.

आता 1/x² साठी N तुम्हीच काढा. ε = 0.0001 ला 1/x साठी दहा हजार लागतात. इथे शंभर आले, तर तुमचं बरोबर आहे.