फॉल-पिको कुठं शोधायचं?

टेलरच्या दुकानाची वेबसाइट करायला घेतली की ‘होम, आमच्याविषयी, सेवा, गॅलरी, संपर्क’ हा मेनू तयारच मिळतो. पण काउंटरवर येऊन ‘तुमच्या सेवा कोणत्या?’ असं कुणी विचारत नाही. अस्तराच्या ब्लाऊजची शिलाई किती, कधी मिळेल, ड्रेस सैल करून द्याल का, असं विचारतात. मेनू या प्रश्नांतूनच काढावा.

समजा, डोंबिवलीतल्या एका गल्लीत लेडीज टेलरचं दुकान आहे. आठवडाभर आलेला प्रत्येक प्रश्न वहीत टिपायचा. मग दुकानातलं एकेक काम वेगळ्या चिठ्ठीवर लिहायचं: कटोरी ब्लाऊज, प्रिन्सेस कट, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, चेन बदलणं, उंची कमी करणं. नेहमीच्या चार-पाच बायकांना या चिठ्ठ्यांचे गट पाडायला सांगायचे. दुकानदाराच्या लेखी फॉल-पिको म्हणजे चेन बदलण्यासारखंच किरकोळ काम, म्हणून तो ते ‘अल्टर’मध्ये टाकेल. बाईच्या मनात मात्र ते साडीचं काम असतं. नवी साडी आली की फॉल-पिको आणि ब्लाऊज ती एकदमच टाकते. तेव्हा ते साडीखालीच हवं.

असे गट पाडले की मेनू साधारण असा होतो: साडी-ब्लाऊज, ड्रेस, अल्टर, कधी मिळेल, पत्ता-फोन. गॅलरी वेगळी नको. कटोरीचा फोटो कटोरीच्या दराशेजारीच शोभतो. दरांचंही वेगळं पान करू नये, असं माझं ठाम मत आहे. एकच दर दोन ठिकाणी लिहिला की वाढवताना एक जागा हमखास राहते, आणि गिऱ्हाईक जुना आकडा मोबाइलवर दाखवून भांडतं. ‘साडी-ब्लाऊज’ पानावरच दर, अस्तर कुणाचं, मापाचा ब्लाऊज आणायचा का, एवढं लिहावं. ‘कधी मिळेल’वर एरवीचे दिवस आणि दिवाळी-लग्नसराईत ऑर्डर कधी बंद होतात ते.

गुगलवर ‘ब्लाऊज शिलाई’ शोधणारी बाई पहिल्या पानावर न येता थेट ब्लाऊजच्या पानावरही उतरू शकते. मोबाइलवर मेनू बहुतेक वेळा तीन आडव्या रेघांमागे दडलेला असतो. म्हणून पत्ता, वेळ आणि फोन प्रत्येक पानाच्या तळाशी हवेतच. फोन नंबरला `tel:` ची लिंक दिली की बोट लावताच डायलर उघडतो, नंबर लिहून घ्यावा लागत नाही.

वेबसाइट बांधण्याआधी हाच मेनू कागदावर लिहून, चिठ्ठ्या न पाहिलेल्या शेजारणीपुढे ठेवावा. ‘पदराला गोंडे लावून हवेत, कुठं बोट ठेवाल?’ एवढंच विचारायचं, मदत करायची नाही. पहिलं बोट कुठं जातं ते पाहायचं. पाचांपैकी दोघी-तिघी घुटमळल्या, तर त्या पानाचं नाव कागदावरच बदलावं आणि पुन्हा नव्या कुणाला तरी विचारावं.