दोन ठोकळ्यांमधली केसाएवढी रेघ

वेबपानावर एकाला एक लागून ठेवलेल्या रंगीत ठोकळ्यांच्या मध्ये कधी कधी केसाएवढी फिकट रेघ दिसते. पान तयार करणाऱ्याने ती काढलेली नसते, आणि जुन्या साध्या मॉनिटरवर ती दिसतही नाही. दाट पिक्सेलच्या फोनवर किंवा १२५ टक्के स्केलिंग ठेवलेल्या लॅपटॉपवर मात्र ती उमटते.

वेबपानाची मापे ‘सीएसएस पिक्सेल’मध्ये दिलेली असतात. काचेखालचे खरे ठिपके वेगळे आणि संख्येने जास्त असतात. एका सीएसएस पिक्सेलच्या लांबीत किती खरे ठिपके बसतात, ते गुणोत्तर ब्राउझर `devicePixelRatio` या नावाने सांगतो. ते २ किंवा ३ असेल, तर पूर्णांकातली मापे पूर्णांकातच राहतात. पण १०८० ठिपके रुंदीच्या अनेक अँड्रॉइड फोनवर ते २.६२५ असते, आणि अडचण इथेच सुरू होते.

समजा, पांढऱ्या पानावर प्रत्येकी ५० सीएसएस पिक्सेल उंचीचे गडद निळे ठोकळे एकाखाली एक लावले आहेत. अशा फोनवर एका ठोकळ्याची उंची १३१.२५ ठिपके भरते. म्हणजे पहिला ठोकळा ठिपक्यांच्या १३१ ओळी पूर्ण व्यापतो आणि १३२व्या ओळीचा पाव भाग. उरलेला पाऊण भाग दुसऱ्या ठोकळ्याचा. पाव आणि पाऊण मिळून ओळ पूर्ण निळी व्हायला हवी, पण तसे होत नाही.

कारण ठिपका अर्धवट रंगवता येत नाही. त्याला एकच रंग असतो, म्हणून ब्राउझर कडेच्या ठिपक्यात रंग प्रमाणात मिसळतो. पहिला ठोकळा काढल्यावर त्या ओळीत २५ टक्के निळा आणि ७५ टक्के पांढरा असे मिश्रण उरते. आता दुसरा ठोकळा येतो. पहिल्याने ठिपक्याचा नेमका कोणता भाग व्यापला होता, याची नोंद कुठेच नसते. शिल्लक असतो तो फक्त मिसळलेला रंग. त्यामुळे दुसऱ्याचा ७५ टक्के थर त्या संपूर्ण मिश्रणावर चढतो आणि पांढऱ्याचा पाव हिस्सा, म्हणजे जवळपास १९ टक्के, तसाच राहतो. पुढचा सांधा २६२.५वर येतो. तिथे अर्धे-अर्धे वाटप होऊन २५ टक्के पांढरा झिरपतो, आणि ही या दोषाची कमाल मर्यादा आहे. तिसऱ्या सांध्यावर पुन्हा १९ टक्के. चौथा सांधा नेमका ५२५वर येतो, तिथे रेघच नाही.

स्थिर आणि साध्या ठोकळ्यांच्या बाबतीत ब्राउझर बहुधा कडा जवळच्या ठिपक्यावर सरकवून हे टाळतात. ठोकळा `transform`ने हलवला किंवा लहानमोठा केला, अथवा आकृती एसव्हीजी किंवा कॅनव्हासवर काढली, की हे संरक्षण नेहमी मिळत नाही.

दुसरा प्रकार खऱ्या फटीचा. एखादी स्क्रिप्ट ठोकळ्याची जागा आणि उंची वेगवेगळी पूर्णांकात आणते. वरच्याच उदाहरणात दुसरा ठोकळा १३१वर सुरू होतो, उंची १३१ धरल्याने २६२वर संपतो. तिसरा मात्र २६२.५चे २६३ झाल्याने तिथून सुरू होतो. मधली एक ओळ कोणाचीच नाही. उपाय सरळ आहे: फक्त कडा पूर्णांकात आणायच्या आणि उंची दोन कडांच्या वजाबाकीतून काढायची.

```js
const r = window.devicePixelRatio;
const top = Math.round(y * r) / r;
const bottom = Math.round((y + h) * r) / r;
const height = bottom - top;
```

असे केल्यावर ठोकळ्यांची उंची १३१, १३२, १३१, १३१ अशी किंचित असमान होते, पण एका ठिपक्याचा फरक डोळ्याला कळत नाही आणि फट उरत नाही.

दोष कोणत्या प्रकारचा, हे ओळखायला पानाची पार्श्वभूमी तात्पुरती लाल करून स्क्रीनशॉट मोठा करून पाहावा. रेघ भडक लाल असेल तर ती खरी फट. निळ्यात लालसर छटा असेल तर मिश्रणाचा परिणाम. रेघेचा रंग बदललाच नाही, तर ती पार्श्वभूमीतून आलेली नाही आणि कारण दुसरीकडे शोधावे लागते.

मिश्रणाच्या रेघेवर सर्वांत खात्रीचा इलाज म्हणजे ठोकळ्यांमागच्या पेटीलाच तो निळा रंग देणे, म्हणजे झिरपेल तोही निळाच. ठोकळे एकमेकांवर एक पिक्सेल चढवण्याची युक्तीही चालते, पण रंग अर्धपारदर्शक असेल तर चढलेल्या जागी उलट गडद रेघ उमटते. एसव्हीजीमध्ये `shape-rendering="crispEdges"` लिहिले की सहसा कडेचे मिश्रण थांबते, मात्र तिरप्या आणि वक्र रेषा दातेरी दिसू लागतात. हळूहळू सरकणाऱ्या ठोकळ्यांच्या कडा दर क्षणी पूर्णांकात आणल्या तर ते ठिपक्या-ठिपक्याने धक्के घेत चालतात. तिथे मागचा रंग जुळवणे हाच मार्ग बरा.