भराव आज कोसळतो, खोदकाम तीस वर्षांनी

खाडीच्या मऊ चिकणमातीवर रस्त्याचा भराव घालायचा असेल तर इंजिनिअरला खरी धास्ती असते ती काम चालू असतानाच. भराव पुरा झाला आणि वर्षभर टिकला, की पुढे तो भक्कमच होत जातो. लंडनच्या घट्ट चिकणमातीचा अनुभव याच्या नेमका उलट. तिथे केन्सल ग्रीनला रेल्वेसाठी केलेल्या खोदकामाला १९१२ साली आधारभिंत बांधली. ती उभी राहिली, तिच्यासमोरून गाड्या धावत राहिल्या आणि १९४१ साली ती पुढे सरकली. एक माती आज दगा देते, दुसरी एकोणतीस वर्षांनी. यामागचं बरंचसं उत्तर मातीच्या कणांमधल्या पाण्यात आहे आणि ते पाणी कसं वागेल हे सांगणारा एक साधा आकडा आहे: ‘ए’. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजातले अॅलेक स्केम्प्टन यांनी तो १९५४ साली मांडला.

आधी मातीची ताकद कुठून येते ते पाहू. मातीचे कण एकमेकांवर जितके दाबले जातात, तितका त्यांचा घसरण्याला विरोध जास्त. पण कणांमधल्या पोकळ्या पाण्याने भरलेल्या असतात. त्या पाण्याचा दाब वाढला तर वरच्या वजनातला तेवढा वाटा पाणी उचलतं आणि कणांवरचा दाब तेवढाच कमी होतो. वाळूतून पाणी झटकन निघून जातं. चिकणमातीतून निघायला महिने, वर्षं लागतात. म्हणून चिकणमातीवर भार पटकन आला, तर तेवढ्या वेळात पाणी आत कोंडलेलंच राहतं. इंजिनिअर याला ‘अनड्रेन्ड’ स्थिती म्हणतात.

आता माती कातरली जाते, म्हणजे तिचे थर एकमेकांवरून सरकू पाहतात, तेव्हा काय होतं? गाळ म्हणून नुकती साचलेली, कधीच जास्त दाबली न गेलेली माती आतून सैल असते. सरकताना तिचे कण पोकळ्यांत घुसू पाहतात, मातीला आकसायचं असतं. पण पाणी बाहेर जाऊ शकत नाही आणि दाबून लहानही होत नाही. मग पाण्याचा दाब चढतो. पूर्वी प्रचंड वजनाखाली घट्ट बसलेल्या मातीत कणांना सरकायचं तर एकमेकांवर चढावं लागतं, म्हणजे मातीला फुगायचं असतं. समुद्रकिनारी ओल्या वाळूवर पाय रोवला की पायाभोवतीची वाळू क्षणभर कोरडी दिसते, तो हाच प्रकार: वाळू फुगते आणि पाणी आत ओढून घेते. चिकणमातीत पाणी इतक्या लवकर येऊ शकत नाही, म्हणून आतला दाब घसरतो.

स्केम्प्टन यांचं सूत्र हे सगळं एका ओळीत मांडतं:

Δu = B[Δσ₃ + A(Δσ₁ − Δσ₃)]

Δu म्हणजे पाण्याच्या दाबातली वाढ. Δσ₃ हा सगळ्या बाजूंनी सारखा वाढलेला दाब आणि कंसातला फरक म्हणजे एकाच दिशेने आलेला जादा भार, जो माती कातरतो. माती पाण्याने पूर्ण भरलेली असेल तर ‘बी’ जवळजवळ एक असतो, म्हणजे सर्व बाजूंचा दाब थेट पाण्यावर जातो. खरी गंमत ‘ए’मध्ये आहे. कातरणाऱ्या भाराचा किती वाटा पाण्याच्या दाबात उतरतो, ते तो सांगतो. माती आदर्श लवचिक असती तर ‘ए’ नेहमी एक तृतीयांश आला असता. तो तसा येत नाही. मऊ, कधी न दाबलेल्या मातीत तो माती फुटताना साधारण अर्धा ते एक असतो. पूर्वी खूप दाबलेल्या मातीत शून्याच्या खाली जातो.

प्रयोगशाळेत हे मोजायला दंडगोल नमुना रबरी आवरणात घालून पाण्याच्या बंद पात्रात ठेवतात. समजा, मऊ मातीचा नमुना २०० किलोपास्कल दाबाखाली (सुमारे वीस मीटर पाण्याच्या खोलीइतका) पाणी निघू देत स्थिर केला. मग पाण्याची वाट बंद केली आणि वरून दांड्याने हळूहळू दाबायला सुरुवात केली. वरचा जादा भार ११६ किलोपास्कल झाला तेव्हा नमुना फुटला. तोपर्यंत आतल्या पाण्याचा दाब ११० ने चढला होता. भोवतालचा दाब बदललेला नाही, म्हणून ११० ला ११६ ने भागलं की ‘ए’ मिळतो: ०.९५. कणांवरचा आडवा दाब २०० वरून ९० वर आला. हाच नमुना पाण्याची वाट उघडी ठेवून सावकाश दाबला असता, तर त्याने २५८ किलोपास्कलच्या आसपास भार सोसला असता. कण तेच, घर्षणही तेच. निम्म्याहून अधिक ताकद कोंडलेल्या पाण्याने खाल्ली.

आता तीच माती आधी ८०० पर्यंत दाबून १०० वर सोडली आणि मग वाट बंद करून कातरली. ‘ए’ उणे ०.२ आला आणि नमुना २०० च्या भाराला फुटला, तर पाण्याचा दाब ४० ने उतरलेला असेल. कणांवरचा दाब १०० चा १४० झाला. इथे पाणी मातीला तात्पुरती ताकद उसनी देतं.

सुरुवातीचं कोडं इथे सुटतं. भरावाखाली पाण्याचा दाब चढलेला असतो. तो जसजसा ओसरतो तसतशी माती बळावते, म्हणून धोका आजचा. घट्ट मातीत खोदकाम केलं की वरचं वजन जातं, त्याने दाब उतरतो आणि उणे ‘ए’ त्यात भर घालतो. मग वर्षानुवर्षं पाणी आत झिरपतं, उसनी ताकद फिटते आणि भिंत सरकते. खोदल्यावर उतार छान उभा आहे एवढ्यावर विश्वास ठेवणं ही या मातीत सर्वांत महाग पडणारी चूक.

मात्र ‘ए’ हा मातीचा कायमचा गुणधर्म नव्हे. एकाच चाचणीत तो सुरुवातीला कमी आणि फुटताना जास्त असू शकतो, म्हणून अहवालात तो कोणत्या टप्प्यावरचा आहे ते लिहायलाच हवं. माती उभी दाबली की आडवी ताणली, यानेही तो बदलतो. मोजणीतही खोड्या असतात. नमुन्यात किंवा नळीत हवेचे बुडबुडे राहिले तर ती हवा दबते, दाब चढतच नाही आणि ‘ए’ खोटाच कमी येतो. म्हणून चाचणीआधी भोवतालचा दाब ५० ने वाढवून पाहतात. आतला ४७-४८ ने चढला तर ठीक, ३५ वरच थांबला तर हवा आहे. चाचणी घाईने उरकली तरी घोटाळा होतो. दाबमापक नमुन्याच्या तळाशी असतो, माती फुटते मध्यभागी आणि मधला दाब तळापर्यंत पोचायला वेळ लागतो.

नवी मुंबई-उरण पट्ट्यात खाडीची मऊ चिकणमाती आहे, तिथे हा आकडा रोजच्या कामाचा ठरतो. समजा, भरावाच्या एका टप्प्याने जमिनीत उभा दाब ५० आणि आडवा ३० किलोपास्कलने वाढला. ‘ए’ ०.९ धरला तर पाण्याचा दाब ३० अधिक २० चे ०.९ पट, म्हणजे ४८ ने चढेल. जवळजवळ सगळा भार पाण्यावर. जमिनीत पुरलेले पिझोमीटर हेच दाखवतात. सुरुवातीच्या थरांना दाब बेताने चढतो, कारण वरची माती थोडी आधी दाबलेली असते. एखाद्या थरानंतर तो एकदम भाराच्या बरोबरीने चढू लागला, तर माती आतून मोडायला लागली असं समजावं. तेव्हा पुढचा थर थांबवून दाब ओसरू द्यायचा. त्यासाठीच जमिनीत उभ्या निचरापट्ट्या घालतात. ठेकेदाराला मुदत दिसत असते, पण अशा वेळी काम थांबवायचा अधिकार पिझोमीटर वाचणाऱ्याकडेच हवा.