फोटोतले वर्गसमीकरण कोणत्या रीतीने सोडवावे?

दहावीतली भाची संध्याकाळी मामाला वहीच्या पानाचा फोटो पाठवते आणि खाली लिहिते, "मामा, याचे अवयव पडतच नाहीयेत." फोटोत 6x² दिसते, मग −x, मग 12 आणि शेवटी = 0. बारच्या आधी काय आहे ते मात्र नीट कळत नाही. पेन्सिलने काढलेले चिन्ह वहीच्या आखलेल्या रेघेवर आले आहे. अशा जागी वजाची आडवी रेघ आखणीत बुडून जाते, आणि अधिकची उभी रेघ फिकट उमटली तर तेही वजासारखेच दिसते. भाचीने ते 'अधिक 12' असे वाचले आहे.

दहावीच्या पुस्तकात वर्गसमीकरण सोडवायच्या तीन रीती आहेत: अवयव पाडणे, पूर्ण वर्ग करणे आणि सूत्र वापरणे. बहुतेक मुले आधी अवयव शोधतात, सापडले नाहीत की सूत्राकडे वळतात, आणि पूर्ण वर्गाची रीत प्रश्नात तसे सांगितले असेल तरच वापरतात. या क्रमात बराच वेळ अंदाज बांधण्यात जातो. माझ्या मते पहिली पायरी विवेचक काढणे ही असावी. समीकरण ax² + bx + c = 0 अशा रूपात आणायचे आणि b² − 4ac ही एकच संख्या काढायची. कोणती रीत सोपी पडेल ते तीच सांगते. समीकरण फोटोवरून उतरवलेले असेल तर आपण ते बरोबर वाचले की नाही, याचाही बराचसा उलगडा तिथेच होतो.

भाचीच्या वाचनाप्रमाणे a = 6, b = −1, c = 12. विवेचक येतो 1 − 288, म्हणजे −287. विवेचक ऋण असला की वास्तव मुळे नसतात, मग अवयव कुठून पडणार? गणित तर 'अवयव पद्धतीने सोडवा' या गटातले आहे. तेव्हा शंका घ्यायची ती वाचनावर. बारच्या आधी वजा धरून पाहू: 1 + 288 = 289, म्हणजे बरोबर 17 चा वर्ग. सहगुणक पूर्णांक असतील आणि विवेचक पूर्ण वर्ग आला, तर अवयव पडणारच.

हे 17 इथेच सोडून देऊ नये. मधल्या पदाची फोड करताना आपण अशा दोन संख्या शोधतो, ज्यांचा गुणाकार ac म्हणजे −72 आणि बेरीज b म्हणजे −1 आहे. त्या दोन संख्यांमधला फरक नेमका विवेचकाच्या वर्गमुळाइतका असतो. बेरीज −1 आणि फरक 17 म्हटल्यावर संख्या सरळ निघतात: (−1 + 17) ÷ 2 = 8 आणि (−1 − 17) ÷ 2 = −9. 72 चे विभाजक मांडून एकेक जोडी तपासायची गरज उरत नाही. पुढची मांडणी अशी:

6x² + 8x − 9x − 12 = 0
2x(3x + 4) − 3(3x + 4) = 0
(3x + 4)(2x − 3) = 0

म्हणून x = −4/3 किंवा x = 3/2.

विवेचक धन आहे पण पूर्ण वर्ग नाही, असे झाले तर अवयवांच्या मागे लागू नये. मग पूर्ण वर्ग की सूत्र, हे a आणि b पाहून ठरवावे. समजा फोटोत x² − 6x − 11 = 0 आहे. विवेचक 36 + 44 = 80. इथे a = 1 आहे आणि b सम आहे, म्हणून पूर्ण वर्गाची रीत सर्वांत सुटसुटीत. 6 ची निम्मी 3, तिचा वर्ग 9, म्हणून (x − 3)² = 20, आणि x = 3 ± 2√5. हेच सूत्राने केले तर (6 ± 4√5)/2 येते आणि इथे मुले हमखास घसरतात. फक्त 6 ला दोनाने भागतात, 4√5 तसेच ठेवतात आणि 3 ± 4√5 लिहून मोकळी होतात.

उलट 2x² − 7x + 4 = 0 मध्ये विवेचक 49 − 32 = 17. नेहमीच्या रीतीने पूर्ण वर्ग करायचा तर आधी दोनाने भागा, मग 7/2 ची निम्मी 7/4, तिचा वर्ग 49/16, अशी अपूर्णांकांची रांग लागते. इथे सूत्र बरे: x = (7 ± √17)/4.

सूत्र आणि पूर्ण वर्ग या मुळात वेगळ्या गोष्टी नाहीत. श्रीधराचार्यांची एक जुनी युक्ती आहे. त्यांचा बीजगणितावरचा ग्रंथ आज उपलब्ध नाही, पण बाराव्या शतकात भास्कराचार्यांनी आपल्या 'बीजगणित' ग्रंथात ही युक्ती त्यांच्या नावाने उद्धृत केली, म्हणून ती टिकली. समीकरणाला a ने भागण्याऐवजी 4a ने गुणायचे आणि दोन्ही बाजूंत b² मिळवायचा. वरच्या समीकरणाला 8 ने गुणले की 16x² − 56x + 32 = 0. बत्तीस उजवीकडे नेऊन 49 मिळवले की (4x − 7)² = 17. एकही अपूर्णांक आला नाही, आणि उजव्या बाजूला जे 17 उरले तो विवेचकच आहे. ज्याला सूत्र परीक्षेत आठवत नाही, त्याने एवढी एक युक्ती लक्षात ठेवली तरी भागते.

विवेचकाच्या साक्षीला मर्यादा आहेत, आणि फोटोच्या बाबतीत त्या ठाऊक असायलाच हव्यात. x² + 5x + 6 चा विवेचक 1 आणि x² + 5x − 6 चा 49, दोन्ही पूर्ण वर्ग. इथे चिन्ह चुकीचे वाचले तरी अवयव गुण्यागोविंदाने पडतात आणि उत्तर चुकते. मधल्या पदाचे चिन्ह चुकले तर विवेचक मुळी बदलतच नाही, कारण b चा वर्गच होतो. दोन्ही मुळांची चिन्हे तेवढी उलटतात. उत्तर समीकरणात घालून ताळा केला तरी उपयोग नाही, कारण ताळाही चुकीच्या वाचनाशीच जुळतो.

शाब्दिक उदाहरण असेल तर ताळा मूळ विधानाशी घ्यावा. आयताची लांबी रुंदीपेक्षा 3 मीटरने जास्त आणि क्षेत्रफळ 70 चौरस मीटर, असे दिले आहे. समीकरण x² + 3x − 70 = 0, मुळे 7 आणि −10, म्हणून रुंदी 7 मीटर. फोटोत 3x च्या आधी वजा वाचले तर मुळे 10 आणि −7 येतात. ऋण मूळ सोडून दिले की रुंदी 10 मीटर, आणि हे उत्तरही दिसायला अगदी ठीक वाटते. पण मग लांबी 13 आणि क्षेत्रफळ 130 येते. विधानात तर 70 आहे.

नुसते समीकरण असेल आणि चिन्ह अंधुक असेल, तर फोटो पुन्हा मागवावा, आणि या वेळी सरावसंचाच्या वरच्या सूचनेची ओळही त्यात घ्यायला सांगावी. 'पूर्ण वर्ग पद्धतीने सोडवा' असे तिथे छापलेले असेल तर अवयव कितीही सहज पडत असले तरी परीक्षेत गुण पूर्ण वर्गाच्या पायऱ्यांनाच मिळतील.