शिळ्या भातातल्या चार कॅलरी

रात्रीचा उरलेला भात सकाळी फोडणीला टाकणे, ही गिरगावच्या खोताची वाडीपासून कोकणातल्या मोहल्ल्यांपर्यंत घरोघरची रीत आहे. हाच भात फ्रिजमध्ये ठेवून पुन्हा गरम केला की कॅलरी निम्म्या होतात, असे हल्ली सांगितले जाते. त्यात खरे किती?

भात शिजताना तांदळातला स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि मोकळा होतो, म्हणून तो सहज पचतो. भात थंड झाला की स्टार्चच्या काही साखळ्या पुन्हा एकमेकींना घट्ट बिलगतात. लहान आतड्यातल्या पाचकरसांना ही गाठ सुटत नाही. हाच प्रतिरोधक स्टार्च. भात गरम केल्यावरही यातल्या बऱ्याच गाठी टिकतात, कारण त्या सुटायला उकळत्या पाण्याहून जास्त उष्णता लागते. उकडलेल्या बटाट्यातही असेच घडते. मात्र तो पुन्हा गरम केला की हा फायदा काहीसा कमी होतो.

इंडोनेशियातल्या संशोधकांनी २०१५ साली पांढऱ्या भातावर हे मोजले. ताज्या भातात १०० ग्रॅममागे ०.६४ ग्रॅम प्रतिरोधक स्टार्च होता. २४ तास ४ अंश सेल्सिअसला ठेवून गरम केलेल्या भातात तो १.६५ ग्रॅम झाला.

आता आपल्या ताटाचा हिशोब करू. २०० ग्रॅम भातात सुमारे २६० कॅलरी असतात. त्यात प्रतिरोधक स्टार्च वाढला फक्त २ ग्रॅम. साध्या स्टार्चच्या एका ग्रॅममधून ४ कॅलरी मिळतात. प्रतिरोधक स्टार्च मोठ्या आतड्यातले जीवाणू आंबवतात आणि त्यातूनही शरीराला ग्रॅममागे साधारण २ कॅलरी मिळतातच. म्हणजे वाचल्या अवघ्या ४ कॅलरी! फोडणीच्या एक चमचा तेलातच त्याच्या दसपट असतात.

रक्तातल्या साखरेवरचा परिणाम मात्र जास्त लक्षात घेण्याजोगा आहे. त्याच अभ्यासात १५ निरोगी माणसांची साखर अशा भाताने ताज्या भातापेक्षा कमी वाढली. म्हणून घरात कोणी इन्सुलिन घेत असेल, तर असा भात खाल्ल्यावर साखर तपासावी. नेहमीच्या मात्रेने ती जास्त उतरू शकते. मात्रा बदलायची ती डॉक्टरांना विचारूनच.

खरा धोका भात बाहेर ठेवण्यात आहे. बॅसिलस सेरियस या जीवाणूचे बीजाणू शिजवूनही मरत नाहीत. मुंबईच्या दमट उष्म्यात पातेले रात्रभर ओट्यावर राहिले, तर ते वाढून उलट्या घडवणारे विष तयार करतात. भात गरम केल्याने ते विष जात नाही, आणि वास किंवा चवीवरून ते कळेलच असेही नाही. म्हणून उरलेला भात पसरट ताटात निववून तासाभरात झाकून फ्रिजमध्ये ठेवावा, दुसऱ्या दिवशी वाफ येईपर्यंत गरम करून संपवावा. रात्रभर बाहेर राहिलेला भात मात्र टाकून द्यावा. चार कॅलरींसाठी पोट बिघडवून घेण्यात अर्थ नाही.