तिकिटाआधी मंजुरीपत्र

परदेशातल्या परिषदेत शोधनिबंध स्वीकारला गेला की विद्यार्थी लगेच तिकिटाचे दर शोधू लागतो. पण प्रवास अनुदानात मंजुरीच्या तारखेआधीचा खर्च अनेकदा नाकारला जातो. म्हणून स्वीकृतीपत्र येताच, मार्गदर्शक आणि विभागप्रमुखांच्या सह्यांनिशी अर्ज द्यावा. निबंध अनेकांचा असेल, तर तो मांडणार कोण हे सहलेखकांकडून लिहून घ्यावे, कारण अनुदान सहसा मांडणाऱ्या एकालाच मिळते.

मंजुरीपत्रातली रक्कम म्हणजे खर्चाची कमाल मर्यादा, आणि तीही बहुधा प्रत्येक बाबीची वेगळी. समजा, पुण्याच्या एका पीएचडी विद्यार्थिनीला व्हिएन्नाला जायचे आहे. तिला विमानभाड्यासाठी ७०,००० रुपये, नोंदणीसाठी ३५,००० आणि व्हिसासाठी १०,००० मंजूर झाले. प्रत्यक्षात तिकिटाला ७८,०००, नोंदणीला ३१,००० आणि व्हिसाला ९,००० लागले. तिला १,१०,००० रुपये मिळतील. नोंदणीत वाचलेले ४,००० तिकिटाच्या जादा खर्चाकडे वळवता येत नाहीत. हॉटेल आणि जेवण या मंजुरीत नाही, त्याची तजवीज वेगळी करावी लागेल.

खरी अडचण तिकिटात असते. सरकारी खर्चाच्या विमानप्रवासासाठी अर्थ मंत्रालयाने २०२२ मध्ये बामर लॉरी, अशोक ट्रॅव्हल्स आणि आयआरसीटीसी हे तीनच अधिकृत एजंट ठरवले, आणि किमान २१ दिवस आधी तिकीट काढण्यास सांगितले. अनेक संस्था विद्यार्थ्यांनाही हाच नियम लावतात. दुसऱ्या संकेतस्थळावर स्वस्त मिळालेले तिकीटही त्यामुळे अडकू शकते. म्हणून पैसे भरण्याआधी लेखा विभागाला लेखी विचारावे. वाटेत नातेवाइकांकडे चार दिवस थांबायचे असेल, तर परिषदेच्या तारखांना जवळच्या मार्गाने किती भाडे पडले असते, याची त्याच दिवशीची छापील प्रत ठेवावी. त्या भाड्यापुरताच दावा मान्य होऊ शकतो.

परतल्यावर तिकीट, बोर्डिंग पास, नोंदणीची पावती आणि निबंध मांडल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. मोबाइलवरचा बोर्डिंग पास प्रवासानंतर अॅपमधून नाहीसा होतो, म्हणून विमानात बसण्याआधीच त्याचे छायाचित्र घ्यावे. परकीय चलनातल्या पावतीसोबत कार्डाचे विवरण जोडावे. प्रत्यक्ष किती रुपये कापले गेले, ते त्यावरूनच सिद्ध होते. हाच खर्च दुसरीकडून घेतलेला नाही, असे हमीपत्रही द्यावे लागते. सरकारी कर्मचाऱ्यांना दौऱ्याच्या दाव्यासाठी ६० दिवसांची मुदत असते. आपल्या योजनेची मुदत किती, ते मंजुरीपत्रात पाहावे.

एवढे नीट केले तरी सगळी रक्कम आधी विद्यार्थिनीच भरते, आणि परतावा यायला महिने लागू शकतात. ज्या घरात लाखभर रुपये उसने मिळणेच कठीण, तिथे मंजुरीपत्र हातात असूनही प्रवास रद्द होतो. म्हणून अर्ज करतानाच संस्थेकडे अग्रिम रकमेची लेखी मागणी करावी, आणि संस्थांनीही मंजुरीपत्राच्या आधारावर ती द्यावी.